मदत हवी आहे: आर-नॉट आणि फ्लूचा वेग नववीला कसा समजावू?

कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रोगी सरासरी किती जणांना लागण करतो, तो आकडा म्हणजे आर-नॉट. इथवर मुलांना पटलं. पण हंगामी फ्लूत, काहींना आधीची प्रतिकारशक्ती असताना, हा आकडा जेमतेम १.३ भरतो. मग फ्लू इतक्या झपाट्याने कसा पसरतो?

माझ्या मते खरी गोम एकाची लागण आणि त्याच्याकडून पुढच्याची लागण यांतल्या अंतरात आहे. फ्लूत ते साधारण ३ दिवस. महिन्यात १० फेऱ्या होतात, दहाव्या फेरीत एकाचे जवळपास १४ रोगी. १.३ तोच ठेवून अंतर ६ दिवस धरलं, तर पाच फेऱ्यांत चारही होत नाहीत.

फळ्यावरचं गणित पाहून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आर-नॉटवरून वेग कळतच नाही?" एकट्या त्यावरून नाहीच कळत. हे खडू किंवा चिंचोके वाटून वर्गात खेळवता येईल असा खेळ कुणी घेतलाय का?