सादरकर्त्याच्या आकड्यांना प्रश्न विचारायला सोबत्यांना कसं शिकवता? अनुभव लिहा

वहीपेन (धागाकर्ती)
आमच्या अभ्यासगटात कुणी काही सादर केलं की 'संदर्भ काय?' एवढाच प्रश्न येतो. एखाद्या संस्थेचं नाव ऐकलं की सगळे गप्प. त्यापुढचा प्रश्न कसा शिकवायचा?

मोजपट्टी
सरावाला एकच स्लाइड पुरते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला होता की, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. स्लाइडवर 'धोका दुप्पट' आणि समितीचं नाव, एवढंच ठेवा. प्रत्येकाने दोन मिनिटं न बोलता चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. बऱ्याच चिठ्ठ्यांवर 'हे कुणी सांगितलं?' असेल, आणि त्याचं उत्तर तर समोरच लिहिलेलं आहे. आता तुम्ही विचारा, 'कितीचे किती झाले?' जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार बायकांमागे साधारण एकीला गुठळी व्हायची, ती नव्या गोळ्यांवर दोघींना होऊ लागली. 'दुप्पट' खोटं नाही, पण घाबरवणारं आहे. त्या भीतीने अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३,००० नी वाढले. खुद्द गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या स्लाइडवर नव्हतंच.

स्पष्टवक्ता
एवढं कशाला? 'पैसे कुणी दिले?' हे आधी विचारा. कंपनीचे असतील तर आकडा सोडून द्यायचा.

मोजपट्टी
प्रश्न बरोबर, पण त्यावरून लगेच निकाल देऊ नका. वरच्या उदाहरणात समितीला काही विकायचं नव्हतं, आकडाही खरा होता, तरी लोकांची दिशाभूल झालीच. पैसा कुणाचा हे कळल्यावर पुढे विचारायचं, 'तुलना कशाशी केली आणि कोणता आकडा दाखवला नाही?' कल बहुतेकदा तिथे सापडतो. नुसतं 'पैसे कुणाचे' विचारलं तर सादरकर्ता चिडतो आणि चर्चा पुराव्यावरून माणसावर जाते.

रातराणी
मला उद्याच सादर करायचंय! संदर्भांची यादी शेवटच्या स्लाइडवर दिली तर चालेल ना?

वहीपेन
धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण सांगते. यादी शेवटी असू दे, शिवाय प्रत्येक आकड्याखाली लहान अक्षरात कुणी मोजलं, किती जणांत आणि कुठल्या साली, हे लिही. यातलं जे लिहिता येणार नाही, त्यावर प्रश्न येणार हे धरून चाल.

तिसरा बाक
चिठ्ठीवर नाव लिहायचं की नाही? नाव नसेल तर नवखेही ज्येष्ठांना विचारतात. पण उत्तर गोलमोल आलं की 'म्हणजे नक्की किती?' असा पाठपुरावा करायला कुणी उभं राहत नाही.

मोजपट्टी
चिठ्ठी वाचणाऱ्यानेच तो दुसरा प्रश्न विचारावा, असं मी सुचवेन. मात्र त्यामुळे लिहिणाऱ्याला विचारायची सवय लागत नाही, ही अडचण उरतेच. कुणी पहिले काही आठवडे बिननावाने आणि नंतर नावानिशी, असं करून पाहिलंय का?