बॅटरीच्या ट्रान्सफॉर्मरचे रेटिंग: दिवसाच्या सरासरीवर ठरवावे की सर्वांत तापलेल्या तासावर?

मांजलपूर (मूळ प्रश्न)
वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्यासाठी ५ मेगावॅट, १० मेगावॅट-तास क्षमतेची बॅटरी बसवायची आहे. इन्व्हर्टरची बाजू ६९० व्होल्टची आणि ग्रिडची बाजू ३३ केव्हीची आहे. दिवसाला दोन फेऱ्या होतील. पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर भार ५.२६ एमव्हीए येतो, डिस्चार्जला दोन तास आणि चार्जिंगला सुमारे २.३ तास लागतात, म्हणजे दिवसाचे ८.६ तास पूर्ण भार आणि उरलेला वेळ जवळजवळ शून्य. चोवीस तासांच्या भाराचे आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, काढले तर ते ३.१५ एमव्हीए भरते. मी थोडी मोकळीक ठेवून ४ एमव्हीए सुचवले, पण सल्लागार ६.३ एमव्हीएचा आग्रह धरत आहेत. पंधरा तास रिकाम्या उभ्या राहणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर एवढा खर्च का करावा, यावर मते हवी आहेत.

दांडिया बाजार
मी आपल्या बाजूने आहे. लोडिंग गाइड, म्हणजे आयईसी ६००७६-७ आणि आपल्याकडचा आयएस २०२६ चा भाग ७, नेमप्लेटपेक्षा जास्त भार घेण्याची मुभा देतो, कारण वाइंडिंगवरच्या इन्सुलेशन कागदाचे वय एका तासावरून मोजायचे नसून सगळ्या तासांची बेरीज करून मोजायचे असते. दुपारी कागद वेगाने म्हातारा झाला तरी रात्री तो जवळजवळ थांबलेला असतो, आणि जानेवारीत तर बेरीज फारच खाली येते. शिवाय मोठा कोअर घेतला की नो-लोड लॉस चोवीस तास भरावा लागतो, हा मुद्दा कोणी विचारातच घेत नाही.

मकरपुरा (टेस्ट बेंचवर बावीस वर्षे)
वयाच्या बेरजेची गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. वर्षभराची बेरीज केली तर ४ एमव्हीए कदाचित तगेलही. माझी हरकत आरएमएसला आहे, कारण आरएमएसला भार कोणत्या क्रमाने आला ते कळत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर तर त्या क्रमानेच तापतो.

आपण प्रत्यक्ष करून पाहू. टॉप ऑइलची वाढ पूर्ण भाराला ५० अंश, हॉटस्पॉट, म्हणजे वाइंडिंगमधला सर्वांत तापलेला बिंदू, त्याच्या वर १८ अंश, लोड लॉस नो-लोडच्या सहापट आणि ऑइलचा टाइम कॉन्स्टंट तीन तास धरू. मे महिन्यात दुपारी यार्डात, तापलेल्या काँक्रीटवर, हवा ४५ अंश धरू. सकाळच्या डिस्चार्जनंतर पाच-सहा तास विश्रांती मिळाली तर ऑइलची वाढ १५ अंशांपर्यंत उतरलेली असते. तिथून ४ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर १.३२ पट भारावर २.३ तास चालला, की ऑइलची वाढ ४६ अंशांवर जाते, हॉटस्पॉट त्यावर २८ अंश चढतो आणि एकूण ११९ अंश होतात. नेहमीच्या आवर्ती भारासाठी गाइडची मर्यादा १२० अंशांची आहे, म्हणजे आपण उंबरठ्यावर उभे आहात.

आता वेळापत्रक थोडे बदला. सकाळचा पीक जरा उशिरा आला, डिस्चार्ज संपताच स्वस्त सौर वीज मिळू लागली आणि लगेच चार्जिंग सुरू केले. बॅटरीच्या दृष्टीने प्रवाह उलटला, पण तांब्याच्या वाइंडिंगला दिशा कळत नाही, त्याच्यासाठी ते सलग ४.३ तासांचे ओझे आहे. ऑइल १५ अंशांऐवजी ४४ वरून चढायला लागते आणि हॉटस्पॉट सुमारे १३३ अंशांवर पोहोचतो. दिवसाचे आरएमएस मात्र दोन्ही दिवशी तेवढेच, ३.१५. हेच दोन दिवस ६.३ एमव्हीएला दिले तर ८६ आणि ९२ अंश येतात.

दांडिया बाजार
आकडे मान्य आहेत, पण मग मधला ५ एमव्हीए का नको? उच्च तापमानाला टिकणारा, थर्मली अपग्रेडेड कागद वापरला तर वयाच्या हिशेबातले त्याचे संदर्भ तापमान ९८ ऐवजी ११० अंशांचे असते.

मकरपुरा
तीच मांडणी ५ एमव्हीएला लावली तर विश्रांतीच्या दिवशी १०० आणि सलग दिवशी १०९ अंश येतात, म्हणजे तसा कागद असेल तर तो पर्याय समर्थनीय आहे. अट एकच, की वेळापत्रक खरोखर दोन फेऱ्यांवर थांबले पाहिजे. उद्या हीच बॅटरी ग्रिडची फ्रिक्वेन्सी सावरण्याच्या सेवेत उतरवली तर विश्रांतीचे तास आपल्या हातात राहत नाहीत. आणि नो-लोड लॉसचा हिशेब करताना लोड लॉसही मांडा. १.३२ पट भारावर तो नेमप्लेटच्या १.७ पट होतो आणि दिवसाला आठ तासांहून जास्त वेळ भरावा लागतो.

रावपुरा (वितरण विभागातून निवृत्त)
उलट प्रवाहाबद्दल सावध राहावे, असे मला वाटते. छतावरच्या सौर पॅनेलमुळे आमच्या २०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर दुपारी वीज उलटी यायची आणि ग्राहक जास्त व्होल्टेजची तक्रार करायचे. स्टेप-डाउनसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर स्टेप-अपला वापरला की तो बिघडतो, म्हणून अशा कामासाठी वाइंडिंगच वेगळे घ्यावे.

मकरपुरा
वाइंडिंग वेगळे लागत नाही, तोटाही दोन्ही दिशांना सारखाच होतो, पण आपण पाहिलेली व्होल्टेजची तक्रार इथे फार महत्त्वाची आहे. एलव्ही, म्हणजे ६९० व्होल्टच्या बाजूचे, वाइंडिंग कोअरला चिकटून असते, त्यामुळे कोअरमधला फ्लक्स मुख्यतः एलव्हीच्या व्होल्टेजवर ठरतो. ग्रिड ५ टक्के वर असताना आपण ०.९५ लॅगिंगवर वीज बाहेर ढकलली, तर ८ टक्के इंपिडन्समधून रिअॅक्टिव्ह पॉवर पाठवण्यासाठी इन्व्हर्टरला आणखी सुमारे २ टक्के व्होल्टेज चढवावे लागते. म्हणजे एलव्हीवर ७ टक्के जास्त. कोअर १.७ टेस्लावर डिझाइन केला असेल तर तो १.८२ वर जातो. सीआरजीओ पत्रा त्याने लगेच संपृक्त होत नाही, पण वर उरलेली जागा थोडी राहते. म्हणून टेंडरमध्ये फक्त ‘दोन्ही दिशांना योग्य’ असे लिहून भागत नाही. एलव्हीचे कमाल व्होल्टेज लिहावे आणि त्यावर फ्लक्स किती, ते उत्पादकाकडून लिहून घ्यावे. मी असतो तर १.६ टेस्ला मागितले असते.

गोत्री (इन्व्हर्टर कमिशनिंग)
माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. सल्लागार बहुधा हार्मोनिकचा बागुलबुवा दाखवून आकार वाढवत आहेत. आजच्या इन्व्हर्टरचा प्रवाह पाहा. पाचवा हार्मोनिक २ टक्के, सातवा १.५ टक्के, अकरावा १ टक्का धरला आणि प्रत्येकाचा वर्ग क्रमांकाच्या वर्गाने गुणला, तरी एडी लॉस जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्यासाठी रेटिंग वाढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. कमी भारावर हार्मोनिकचे प्रमाण टक्केवारीत मोठे दिसते, पण तेव्हा मुळातला प्रवाहच लहान असतो.

मकरपुरा
कमी क्रमांकाच्या हार्मोनिकबद्दल आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे, मीही ते तापमानाचे मोठे कारण मानत नाही. मात्र दोन गोष्टी त्या बेरजेत येत नाहीत. एक, स्विचिंगचे तीव्र चढ-उतार एलव्हीतून एचव्हीकडे कपॅसिटन्सने पोहोचतात, म्हणून मधे अर्थिंग केलेली इलेक्ट्रोस्टॅटिक शील्ड हवीच. दुसरी, डीसी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, म्हणजे सीईएच्या, नियमांत इन्व्हर्टर प्रकल्पांसाठी डीसीची मर्यादा रेटेड आउटपुटच्या ०.५ टक्के आहे, पण ती जोडणीच्या ठिकाणी मोजायची असते, आणि जोडणी ३३ केव्हीवर आहे. डीसी ट्रान्सफॉर्मर ओलांडून जात नाही. तिथला मीटर शून्य दाखवेल आणि एलव्हीवर काय चालले आहे ते कोणालाच कळणार नाही. चांगल्या कोअरचा नो-लोड प्रवाहच अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तेवढाच डीसी आला तर कोअर एका अर्ध्या सायकलमध्ये संपृक्त होऊ लागतो. त्यात आधीच १.८२ टेस्ला असेल, तर हे फार लवकर घडते.

ते ओळखता येते. नेहमीचा घुमारा १०० हर्ट्झचा असतो. डीसी शिरला की त्यात ५० आणि १५० हर्ट्झचे सूर मिसळतात, आवाज खरखरीत आणि जड होतो, आणि प्रवाहात दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे हार्मोनिक दिसतात. एकदा बेंचवर असा आवाज कानी पडला की तो पुन्हा विसरता येत नाही.

वाघोडिया रोड
फेऱ्यांचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे एका लहान बॅटरीच्या ट्रान्सफॉर्मरला दिवसात तीन-चार वेळा भार चढतो-उतरतो. पहिल्या पावसाळ्यात ब्रीदरमधले सिलिका जेल सहा आठवड्यांत निळ्याचे गुलाबी झाले. बाकीच्या ट्रान्सफॉर्मरवर तेच जेल वर्षभर निळे राहते. माझ्या मते रेटिंगपेक्षा हाच मुख्य प्रश्न आहे.

मकरपुरा
मुख्य नसला तरी तो याच प्रश्नाचा भाग आहे. ऑइलचे आकारमान प्रत्येक अंशाला साधारण ०.०७ टक्क्याने वाढते. टाकीत ३००० लिटर ऑइल असेल आणि ते ३० अंशांनी हलले, तर प्रत्येक फेरीला सुमारे ६० लिटर हवा बाहेर जाते आणि तेवढीच ओलसर हवा आत येते. मोठ्या रेटिंगमध्ये हेलकावा लहान होतो, मात्र ऑइल जास्त असल्यामुळे फायदा काही प्रमाणात कमी होतो. कॉन्झर्व्हेटरमध्ये एअर सेल घातला की हवेचा ऑइलशी संबंधच तुटतो. तो घ्यावा.

मांजलपूर
सर्वांचा आभारी आहे. आरएमएसवर ४ एमव्हीए मागण्याचा माझा आग्रह मी सोडतो, सलग चार्जिंगच्या दिवसाचा विचार मी केलाच नव्हता. तरीही ६.३ पटलेले नाही. अपग्रेडेड कागदाचा ५ एमव्हीए, एअर सेल आणि एलव्ही व्होल्टेजवर फ्लक्सची हमी, असा मसुदा करतो आहे. तापमान चाचणी इरडा या विद्युत संशोधन संस्थेत करून घ्यायचा विचार आहे.

मकरपुरा
चाचणी जरूर करा, पण ती साध्या साइन प्रवाहावर होईल आणि भार स्थिर होईपर्यंत चालेल. त्या अहवालातून हॉटस्पॉट थेट मिळत नाही, म्हणून वाइंडिंगमध्ये फायबर ऑप्टिक सेन्सर बसवायला सांगा. ते ऑर्डर देतानाच ठरवावे लागते, टाकी बंद झाल्यावर बसवता येत नाहीत.

गोत्री
एलव्हीवरचा डीसी मोजायचा कसा, हे मात्र कोणी सांगितले नाही. ४४०० अँपिअरमध्ये २० अँपिअर डीसी शोधायचा आहे. साधा सीटी डीसी दाखवत नाही, आणि हॉल सेन्सरचा स्वतःचा ऑफसेटच तेवढा असू शकतो. मी आजवर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरचा आकडा प्रमाण मानत आलो आहे.

मकरपुरा
स्क्रीनवर मी विसंबणार नाही, कारण तो आकडा ज्या सेन्सरचा आहे त्याच सेन्सरवर इन्व्हर्टर प्रवाह सावरतो, म्हणजे सेन्सरची चूक स्क्रीनवर दिसणारच नाही. एकाच भारावर क्लॅम्प उलटा फिरवून दोन वाचने घ्यावीत आणि त्यांच्या फरकाचा अर्धा भाग धरावा, म्हणजे क्लॅम्पचा स्वतःचा ऑफसेट बाहेर पडतो. चार्जिंग आणि डिस्चार्ज या दोन्ही वेळा हे करावे, दोन्हींचा डीसी सारखाच असेल असे धरू नये.