मदत हवी आहे: फोनचं ब्लूटूथ ४.२, घड्याळाचं ५.३. कॉल घड्याळावर येतात, पण पावलं ॲपमध्ये येत नाहीत

केतकी_द

बाबांसाठी कॉलिंगचं स्मार्टवॉच घेतलं आहे. खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय. त्यांचा फोन अँड्रॉइड ९ चा आहे आणि त्याच्या माहितीत ब्लूटूथ ४.२ दिसतं. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ पेअर केलं, ते झालं. फोन आला की घड्याळावर वाजतो, बोलताही येतं. पण घड्याळाच्या ॲपमध्ये "डिव्हाइस शोधत आहे" असंच फिरत राहतं, काहीच सापडत नाही. त्यामुळे पावलं, झोप, नाडी काहीच फोनवर येत नाही आणि मेसेजही घड्याळावर दिसत नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे फोन बेडरूममध्ये चार्जिंगला असताना बाबा स्वयंपाकघरात गेले की घड्याळ तुटतं. अंतर फार तर ८ मीटर आहे, मध्ये दोन भिंती.

हे सगळं ४.२ मुळे होतंय का? फोन बदलावा लागेल का? की घड्याळ परत करू? परत करायला ४ दिवस उरलेत.

रानवारा

४.२ हेच कारण आहे. ब्लूटूथ ५ ला रेंज चौपट असते, ४ ला नसते. घड्याळ नवीन आणि फोन जुना म्हटल्यावर जोडी जमणार नाही. १०-१२ हजारांत ५.२ वाले फोन मिळतात, तो घ्या म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतील.

मिहिर_साठे७

थांबा, फोन घेऊ नका आणि घड्याळही परत करू नका. आधी हे बघा.

या घड्याळात दोन वेगळी ब्लूटूथ कनेक्शन चालतात. कॉलचा आवाज क्लासिक ब्लूटूथवरून जातो, हेडसेटसारखा. पावलं, नाडी, मेसेज, घड्याळाचे चेहरे हे सगळं लो एनर्जीवरून जातं आणि ते कनेक्शन ॲप करतं, फोनचं सेटिंग नाही. तुम्ही सेटिंगमधून जोडलंत ते पहिलं. दुसरं झालेलंच नाही. म्हणून कॉल चालतो आणि पावलं येत नाहीत. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे.

लो एनर्जी २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आली आणि अँड्रॉइडमध्ये ४.३ पासून आहे. ४.२ चा फोन आणि ५.३ चं घड्याळ एकमेकांशी बोलताना दोघांनाही जे येतं तेवढंच वापरतात. पावलं आणि नाडी पाठवायला ते पुरेसं आहे. फरक पडेल तो नवा चेहरा चढवताना किंवा फर्मवेअर अपडेट करताना. ५.० पासून दुप्पट वेगाचा पर्याय आला, तो या फोनवर मिळणार नाही. म्हणजे ते काम थोडं रेंगाळेल, एवढंच.

आता ॲपला घड्याळ का सापडत नाही? अँड्रॉइड ६ ते ११ पर्यंत लो एनर्जीची उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि त्याशिवाय फोनचं लोकेशन बटणही चालू असावं लागतं. परवानगी दिलेली असली आणि वरच्या पट्टीतलं लोकेशन बंद असलं, तर शोध रिकामा येतो आणि बरीच ॲप त्याबद्दल काही सांगतही नाहीत. वयस्कर मंडळी बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवतात, म्हणून आधी तिथे बघा. (अँड्रॉइड १२ पासून यासाठी "Nearby devices" ही वेगळी परवानगी आहे, पण तुमचा ९ आहे.)

क्रम असा ठेवा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळाची जेवढी नावं असतील तेवढी "Forget" करा. मग घड्याळाच्या मेनूतून रीसेट करा. हे दोन्हीकडून करणं महत्त्वाचं आहे, कारण पेअरिंगच्या किल्ल्या दोन्ही बाजूंना साठवलेल्या असतात. एकाच बाजूने पुसल्या तर जोडणी लगेच तुटत राहते. नंतर लोकेशन चालू करा, ॲप उघडा, तिथूनच घड्याळ जोडा. ॲपमध्ये पावलं दिसायला लागली की मगच सेटिंगमध्ये जाऊन कॉलसाठीचं नाव पेअर करा. बऱ्याच घड्याळांत ते नाव थोडं वेगळं असतं, शेवटी कॉल किंवा तसं काही जोडलेलं.

रानवारा, चौपट रेंज ही ५.० मधली खरी सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. घड्याळ आणि फोन दोघांच्या चिपमध्ये असावी लागते, शिवाय घड्याळाच्या फर्मवेअरने आणि ॲपने ती वापरायचं ठरवावं लागतं. घड्याळं आणि बँड जवळजवळ सगळे साध्या १ मेगाबिटच्या पद्धतीवरच बोलतात, कारण लांब पल्ल्याची पद्धत तोच मजकूर हळू पाठवते, रेडिओ जास्त वेळ चालू राहतो आणि बॅटरी खाते. खोक्यावर ५.३ छापलंय यावरून ती सोय आत आहे की नाही हे कळत नाही.

रानवारा

बरोबर, ऐच्छिक आहे हे लक्षात नव्हतं. मग फोनला ती सोय आहे का हे कुठे दिसतं? कंपनीच्या पानावर फक्त आकडा देतात.

मिहिर_साठे७

`nRF Connect` नावाचं फुकट ॲप घ्या. त्याच्या मेनूत `Device information` आहे. तिथे 2M PHY आणि Coded PHY यांच्या ओळींपुढे हो किंवा नाही दिसतं. दुसरी ओळ म्हणजे तुम्ही म्हणता ती लांब पल्ल्याची सोय. फोनला लो एनर्जी आहे की नाही एवढंच बघायचं असेल आणि संगणक जवळ असेल, तर

```
adb shell pm list features
```

या यादीत `feature:android.hardware.bluetooth_le` ही ओळ असली की झालं.

सुलभा_कर्वे

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. फोन नवीन घेतला, अँड्रॉइड १४. बँड जुनाच. लोकेशन, परवानग्या सगळं दिलं तरी ॲप "सापडत नाही" म्हणतं. बँड चालू आहे, वेळही बरोबर दाखवतो. बँड बिघडला का?

ओंकार.ज

सुलभाताई, जुना फोन घरातच आहे का आणि त्याचं ब्लूटूथ चालू आहे का? साधा बँड एका वेळी एकाच फोनला जोडलेला राहतो आणि जोडलेला असताना स्वतःची जाहिरात करणं, म्हणजे "मी इथे आहे" असं रेडिओवर सांगत राहणं, थांबवतो. मग दुसऱ्या फोनला तो दिसणारच नाही. जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि मिनिटभराने शोधा. जुन्या ॲपमधून बँड काढून टाकलात तर आणखी चांगलं, कारण काही कंपन्या बँड खात्याला बांधून ठेवतात.

सुलभा_कर्वे

जुना फोन मुलाकडे आहे, बाजूच्याच खोलीत! ब्लूटूथ बंद केल्यावर लगेच दिसला. धन्यवाद.

केतकी_द

मिहिर, लोकेशन बंदच होतं. चालू केल्यावर ॲपला १० सेकंदांत घड्याळ सापडलं. पावलं आणि कालची झोपसुद्धा आली. मग कॉलचं नाव वेगळं पेअर केलं, तेही चाललं. आता लोकेशन परत बंद करून चालेल का? बाबा विचारताहेत.

आणि स्वयंपाकघराचं काय करू?

मिहिर_साठे७

एकदा जोडलं की फोनला घड्याळाचा पत्ता माहीत असतो. त्या पत्त्यावर थेट जोडणाऱ्या ॲपला लोकेशन लागत नाही. पण काही ॲप तुटल्यावर पुन्हा नव्याने शोध घेतात, त्यांना लागतं. एक दिवस बंद ठेवा आणि मुद्दाम ब्लूटूथ बंद-चालू करून बघा. आपोआप जोडलं गेलं तर बंद राहू द्या.

रेंजसाठी अंदाज करण्यापेक्षा मोजा. ॲप फोर्स स्टॉप करा, सेटिंगमधून कॉलचं कनेक्शनही तोडा, म्हणजे घड्याळ मोकळं होऊन जाहिरात करू लागेल. लोकेशन चालू ठेवून `nRF Connect` मध्ये स्कॅन लावा आणि घड्याळाची ओळ शोधा. फोन बेडरूममध्ये नेहमीच्या जागी असू द्या, एकाने पडद्याकडे लक्ष ठेवायचं आणि बाबांनी घड्याळ घालून चालायचं. त्या ओळीवर सिग्नलच्या ताकदीचा उणे आकडा दिसतो, उणे ६० म्हणजे दणदणीत, उणे ९० च्या खाली गेलं की कडेलोट जवळ.

केतकी_द

मोजलं. १ मीटरवर उणे ६२. बेडरूमच्या दारात उणे ७५ च्या आसपास. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहिले की उणे ९५, मध्येच ओळ करडी होते. गंमत म्हणजे तिथेच उभे राहून बाबा वळले की उणे ८४.

मिहिर_साठे७

हा वळण्याचा फरक सगळ्यात मोलाचा आहे. हिशेब बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल घटतात. १ चे २, २ चे ४, ४ चे ८ मीटर, म्हणजे तीनदा दुप्पट, १८ गेले. उणे ६२ वरून उणे ८०. तुमच्याकडे ओट्याकडून वळल्यावर उणे ८४ येतंय, म्हणजे दोन भिंतींनी फक्त ४ च्या आसपास खाल्ले. भिंती दोषी नाहीत. ओट्याकडे तोंड केल्यावर घड्याळ आणि फोन यांच्यामध्ये बाबांचं शरीर येतं आणि ११ डेसिबल तिथे जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पाण्यात भरपूर शोषल्या जातात आणि शरीर बहुतांशी पाणीच.

यावर फोन बदलून फार उपयोग नाही. फोन खोलीत अशा जागी ठेवा की ओट्याशी उभं असताना मध्ये शरीर कमी येईल, लोखंडी कपाटाच्या आत किंवा मागे नको. घड्याळ दुसऱ्या हातात घालून एकदा मोजा, ओट्याशी कोणती बाजू फोनकडे असते त्यावर फरक पडतो. ५-६ डेसिबल मिळाले तरी तुटणं थांबेल.

आणि तुटलं तरी पावलं जात नाहीत. घड्याळ ती स्वतःत साठवतं आणि जोडल्यावर पाठवतं. मेसेज आणि कॉल मात्र त्या वेळचे चुकतात.

केतकी_द

फोन चार्जरसकट दाराजवळच्या टेबलावर आणला. ओट्याशी आता उणे ८७-८८. सकाळपासून तुटलं नाही. संध्याकाळी बाबा खाली बागेत गेले तेव्हा अर्थातच तुटलं, पण वर आल्यावर परत जोडायला ३ मिनिटं लागली. ॲप उघडलं की लगेच जोडतं. हे का?

ओंकार.ज

फोनने ॲपला झोपवलंय. बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला "Don't optimize" करा.

मिहिर_साठे७

ते करून बघाच, पण त्याने पूर्ण सुटेल असं नाही. तुटल्यावर बरीच घड्याळं थोडा वेळ भराभर जाहिरात करतात आणि मग बॅटरी वाचवायला वेग कमी करतात. फोनही पडदा बंद असताना कमी वेळा ऐकतो. दोघांची वेळ जुळेपर्यंत थांबावं लागतं. ॲप उघडलं की फोन जोरात ऐकू लागतो, म्हणून लगेच जमतं. बॅटरी सेटिंग बदलल्यावर ३ मिनिटांचं किती होतं ते लिहा, म्हणजे ढिलाई फोनकडे आहे की घड्याळाकडे याचा अंदाज येईल.

केतकी_द

सेटिंग बदललं. एकदा ४० सेकंद, एकदा जवळजवळ २ मिनिटं. आणखी दोन दिवस बघून लिहिते. घड्याळ परत करत नाही.