शनिवारचं निवेदन: मराठी आणि इंग्रजी

बी-१०१, सेक्रेटरी: शनिवारच्या २५व्या वर्धापनदिनाची कार्यक्रमपत्रिका पक्की झाली. एकूण १४ बाबी आहेत. निवेदन ए-५०२ करणार आहे. गेल्या वर्षी सगळं निवेदन मराठीत झालं आणि मध्यंतरापर्यंत मागच्या चार रांगा रिकाम्या झाल्या. या वेळी मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं. मसुदा इथे टाकायला सांगितलाय, सगळ्यांनी वाचा.

ए-५०२: सुरुवात अशी लिहिली आहे.

"नमस्कार! आपल्या सोसायटीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. गुड ईव्हनिंग, एव्हरीवन! अ व्हेरी वॉर्म वेलकम टू ऑल ऑफ यू टू द ट्वेंटी-फिफ्थ अ‍ॅनिव्हर्सरी सेलिब्रेशन ऑफ अवर सोसायटी."

पुढेही असंच आहे. आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी. म्हणजे कुणाचं काही राहणार नाही.

ए-१०४: छान झालंय गं. 👌

सी-४०४: मी लिहू का? माझं मराठी कच्चं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. १० वर्षं इथे राहतो, अर्धं अधिक कळतं. असं निवेदन असलं की मराठी चालू असताना मी थांबून राहतो, कारण माहीत असतं की आता इंग्रजी येणार. आणि इंग्रजी येतं तेव्हा मराठीवाले शेजाऱ्याशी बोलायला लागतात, कारण त्यांचं ऐकून झालेलं असतं. आवाज वाढतो आणि मला इंग्रजीही ऐकू येत नाही. विनोदावर लोक आधी हसतात, मी नंतर. तेव्हा वाटतं की मी दुसऱ्या कार्यक्रमाला बसलोय.

ए-५०२: अगं बाई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग काय करू? डी-३०२ मावशी, तुम्ही शाळेत एवढी वर्षं निवेदन केलंत, तुम्ही सांगा ना.

डी-३०२: सांगते. आधी वेळ मोज. तू टाकलेला भाग मी मोठ्याने वाचला, घड्याळ लावून. एकेका बाबीला दीड मिनिट धर, १४ बाबींना २१ मिनिटं झाली. २१ मिनिटं लोक फक्त निवेदन ऐकणार. प्रत्येक बाबीला ४० ते ४५ सेकंदांच्या वर जायचं नाही असं ठरव, म्हणजे साधारण १० मिनिटांत बसेल.

निम्मा वेळ वाचवायला मजकूर निम्मा करायचा नाही. एकच गोष्ट दोनदा सांगणं थांबवायचं. मराठी वाक्याने जिथे सोडलं तिथून इंग्रजीने पुढे जायचं, आणि इंग्रजीने सोडलं तिथून मराठीने. दोन्ही भाषांत यायलाच हव्यात अशा गोष्टी तीनच: कोण येतंय, कशासाठी येतंय, आणि आपण आत्ता काय करायचंय. बाकीचे तपशील एकाच भाषेत असले तरी कुणी हरवत नाही.

ए-५०२: पण मग ज्याला ती भाषा येत नाही त्याचं काहीतरी राहणारच ना?

डी-३०२: थोडं राहतं, आणि ते चालतं. दोन्हीकडच्यांचं सारखं राहिलं की कुणाला पाहुण्यासारखं वाटत नाही. तुझ्या यादीतली ६ नंबरची बाब घे, वॉचमनकाकांचा सत्कार. मी असं लिहीन:

"पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या इमारतीला गेट नव्हतं. नुसती दोरी बांधलेली असायची, आणि त्या दोरीपाशी एक माणूस उभा असायचा.
दॅट मॅन हॅज सीन ऑलमोस्ट एव्हरी चाइल्ड हिअर लीव्ह फॉर द फर्स्ट डे ऑफ स्कूल. ही स्टिल आस्क्स देम इफ दे हॅव देअर वॉटर बॉटल.
पावसात लाइट गेली की आपण खिडकीतून हाक मारतो, आणि खालून बॅटरीचा उजेड वर येतो.
ट्वेंटी-फाइव्ह इयर्स अ‍ॅट अवर गेट. टुनाइट वी थँक हिम. प्लीज स्टँड अप.
सत्कारासाठी आपण सगळे उभे राहूया. येत आहेत, आपले ______."

आता मराठी ओळी हाताने झाक आणि फक्त इंग्रजी वाच. कोण, कशासाठी, काय करायचं, तिन्ही कळतात. मग इंग्रजी झाकून मराठी वाच. तेव्हाही कळतात. दोरी फक्त मराठीत आहे, पाण्याची बाटली फक्त इंग्रजीत. सी-४०४ शेजारणीला विचारतील, दोरीचं काय म्हणाली? आणि ती त्यांना विचारेल, बॉटलचं काय होतं? प्रत्येक बाब लिहून झाली की ही झाकून बघायची परीक्षा कर. जिथे तिन्हीपैकी एक सापडणार नाही तिथे एक शब्द वाढव, अख्खं वाक्य नको.

सी-४०४: मी आत्ता मराठी झाकून वाचलं. सगळं समजलं. आणि दोरीचं विचारावंसं वाटलं हे खरं आहे.

ए-५०२: नाव शेवटी का ठेवलंत? मी नेहमी "अमुक अमुक यांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया" असं म्हणते.

डी-३०२: फार चांगलं विचारलंस, कारण दोन भाषांचं निवेदन सगळ्यात जास्त इथेच फसतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे नाव मधेच येऊन जातं. "स्वागत करूया" म्हटलं की टाळ्या सुरू. साउंडवाला टाळ्या ऐकून गाणं सोडतो, मुलं मंचावर येतात, आणि तुझं इंग्रजी त्या सगळ्याखाली गाडलं जातं. चूक इंग्रजीवाल्यांची नसते आणि साउंडवाल्याचीही नसते. आपण टाळीचा शब्द आधी उच्चारून बसलेलो असतो.

म्हणून नाव वाक्याच्या टोकाला न्यायचं. "येत आहेत..." म्हणून क्षणभर थांबायचं आणि मग नाव. नावाला भाषांतर लागत नाही, त्यामुळे सगळे एकाच क्षणी टाळी वाजवतात. त्यानंतर तोंडातून एकही शब्द नको. साउंडवाल्याला पण सांगून ठेव की ट्रॅक नावानंतरच.

बी-१०१, सेक्रेटरी: त्याला मी सांगतो. १४ नावांची यादीच देतो.

डी-३०२: आणखी एक. नाव दोन्ही भाषांत एकच घ्यायचं. मराठीत "काका" आणि इंग्रजीत "मिस्टर" आडनाव असं केलं तर नवीन राहायला आलेल्यांना वाटतं की दोन माणसं येणार आहेत. मी हे होताना पाहिलंय, एक बाई दुसऱ्या माणसासाठी हार घेऊन मंचावर उभ्याच राहिल्या होत्या. वॉचमनकाकांच्या नावाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. त्यांना कसं म्हटलेलं आवडेल ते त्यांनाच विचारा.

ए-१०४: माझ्या सासूबाई ९ नंबरला स्वतःची कविता म्हणणार आहेत. ती कशी सांगायची? कवितेचं इंग्रजी काही जमणार नाही बाई.

डी-३०२: करायचंच नाही. कवितेचं आणि विनोदाचं भाषांतर मागून केलं की तो खुलासा होतो. इंग्रजी आधी, एकच ओळ, आणि त्यात ऐकण्यासाठी एक खूण द्यायची. कविता कशावर आहे?

ए-१०४: मोगऱ्यावर. घर बदललं तेव्हा त्यांनी कुंडीतला मोगरा मांडीवर ठेवून आणला होता, त्याची आहे.

डी-३०२: मग झालंच. "अ पोएम अबाउट अ प्लांट दॅट मूव्हड हाउस ऑन हर लॅप. लिसन फॉर द वर्ड मोगरा." त्यानंतर नाव, आणि पुढे सगळी कविता मराठीत, मधे कुणी काही बोलायचं नाही. ज्याला मराठी येत नाही तोही मोगरा शब्दाची वाट बघत कान देऊन ऐकतो.

सी-४०४: हे मला फार आवडलं. एक विनंती आहे. "फॉर अवर नॉन-मराठी फ्रेंड्स" असं म्हणू नका प्लीज. तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला माहीत आहे. पण ते ऐकलं की सगळे वळून आमच्याकडे बघतात आणि माझी मुलगी खुर्चीत खाली सरकते. ती इथेच जन्मली आहे.

ए-५०२: काढलं. माझ्या मसुद्यात ते तीनदा होतं. सॉरी दादा. 🙏

डी-३०२: अगदी बरोबर सांगितलंत. भाषा बदलताना घोषणा करायची गरजच नसते, श्वास घ्यायचा आणि बदलायची. तसंच ए-५०२, तुझ्या मसुद्यात "आम्ही सोसायटीतर्फे आपलं स्वागत करतो" आहे, ते बदल. इंग्रजीत "वी" एकच असतो, मराठीत "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि "आपण" म्हटलं की आत येतो. निवेदनात आपणच हवं.

डी-३०२: आणि प्रत्येक बाब मराठीनेच सुरू करू नकोस. ६ नंबर मराठीने उघडला तर ७ इंग्रजीने उघड. नाहीतर पुन्हा एक भाषा यजमान आणि दुसरी पाहुणी होते.

बी-१०१, सेक्रेटरी: सूचनांचं काय? जेवणाची वेळ, गाडी काढा वगैरे.

डी-३०२: त्या मात्र दोन्ही भाषांत पूर्ण, शब्दशः आणि लहान. तिथे वाटून घेणं चालत नाही. वेळ तर दोन्हीकडे सांगायचीच. "पावणेआठला जेवण" म्हटलं तर इंग्रजी शाळेतल्या आपल्याच मराठी मुलांना ते कळत नाही. माझा नातू पावणेआठ म्हणजे आठ वाजून गेल्यावर समजतो. "पावणेआठ, सेव्हन फॉर्टी-फाइव्ह" असं जोडूनच म्हणायचं.

ए-५०२: कागदावर लिहिताना काही काळजी? मी इंग्रजी ओळी रोमनमध्ये लिहीत होते.

डी-३०२: ज्या लिपीत तुझा डोळा पटकन धावतो ती ठेव. मी सगळं देवनागरीत लिहायचे आणि इंग्रजी ओळी दोन बोटं आत सरकवायचे, म्हणजे मान वर करून पुन्हा खाली बघितलं तरी आपण कुठल्या भाषेत होतो ते कळतं. आकडे मात्र अक्षरांत लिही. कागदावर २५ दिसलं की तोंडातून इंग्रजी वाक्यात "पंचवीस" निघतंच. आणि एक बाब एका पानावर संपव. पान उलटताना भाषा बदलायची वेळ आली तर हमखास अडखळायला होतं.

ए-५०२: आज रात्री १४ बाबी नव्याने लिहिते. उद्या संध्याकाळी गच्चीवर वाचून दाखवू का? सी-४०४ दादा, तुम्ही याल? आणि ज्यांना इंग्रजी अजिबात येत नाही असं एक माणूस हवं.

ए-१०४: सासूबाई येतील. कुठे कळलं नाही ते त्या तोंडावर सांगतील.

सी-४०४: येतो. ७ वाजता.

बी-१०१, सेक्रेटरी: आत्ता खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं. "काका" नको म्हणाले. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घ्या म्हणाले. गावाहून मुलगा येणार आहे त्या दिवशी.

ए-५०२: मग "आपले" पण काढते. येत आहेत, आणि पूर्ण नाव. तीनदा म्हणून बघितलं, जीभ अडखळत नाहीये.