मदत हवी आहे: दर 45 दिवसांच्या तारखा, पण रविवार टाळून

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी दर 45 दिवसांनी धुतात. वर्षभराच्या तारखा एक्सेलमध्ये काढतोय. A2 मध्ये 10 जानेवारी 2025. आधी दीड महिना म्हणून `=EDATE(A2,1.5)` दिलं, तर 10 फेब्रुवारीच आली. ते अपूर्णांक सोडून देतं. मग हे वापरलं:

```
=SEQUENCE(9,1,A2,45)
```

5 जानेवारी 2026 पर्यंत नऊ तारखा बरोबर आल्या. अडचण 25 मेची, तो रविवार आहे आणि धुणारे येत नाहीत. ती हाताने सोमवारी न्यायला गेलो तर `#SPILL!` येतं. `=A2+45` खाली ओढून बदललं, तर पुढच्या सगळ्याच तारखा एक दिवस सरकतात. 9 जुलै तशीच राहून फक्त रविवार सोमवारी जाईल, असं एकाच सूत्रात जमेल का? की शेजारी वेगळा रकानाच करावा लागेल?