अनुभव धागा: सहकाऱ्याचं नाव काढून माझं घाला, असं मी सांगितलं आणि नकार मिळाला

रानवाट:
दोघातिघांनी मिळून केलेल्या कामावर नाव कुणाचं, यावरचे आपापले अनुभव इथे लिहावेत म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून करते.

मी तेव्हा पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. 64 विहिरींच्या पाणीपातळीचा दोन वर्षांचा अहवाल करायचा होता. मोजणी आणि पहिला खर्डा माझ्या सहकारी ताईंचा. मध्येच त्या नोकरी सोडून गेल्या आणि फाइल माझ्याकडे आली. तक्ते मी पुन्हा केले, नकाशे काढले, निष्कर्षाचं प्रकरण नव्याने लिहिलं. अर्ध्याहून जास्त पानं माझी झाली होती. म्हणून अंतिम प्रत तयार करणाऱ्या काकांना मी सांगितलं, "लेखक म्हणून ताईंचं नाव आहे तिथे आता माझं घाला. त्या आता इथे नाहीत."

काका म्हणाले, "तुझं नाव जोडतो. तिचं काढणार नाही. ती नोकरी सोडून गेली, मोजणी सोडून गेलेली नाही."

मला राग आला. साहेबांकडे गेले, तर तेही काकांच्याच बाजूने. काकांनी मग दोन कामं सांगितली. ताईंना फोन करून दोन नावांना त्यांची हरकत नाही ना ते विचार, आणि बदललेला मजकूर त्यांना पाठव. जे तिने वाचलेलंच नाही त्यावर तिचं नाव छापणंही चूकच, असं त्यांचं म्हणणं.

ताईंनी चार दिवसांनी फोन केला. तीन विहिरींचं पाणी वर्षभरात दोन फूट उतरलं आणि ते शेजारच्या नव्या बोअरमुळे, असं मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या तिन्ही विहिरींचे कठडे मधल्या काळात वाढवलेत. माझ्या वहीत आहे बघ." आम्ही टेप कठड्याच्या काठावरून सोडायचो आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहायचो. मी दोन्ही वर्षांना पहिल्या वर्षाचीच उंची वजा केली होती. काठापासून आधी 31 फूट भरलेलं पाणी नंतर 33 फुटांवर होतं, कारण काठच दोन फूट वर गेला होता. पाणी होतं तिथेच होतं. त्यांचं नाव काढलं असतं तर त्यांना मजकूर पाठवायचं मला सुचलंही नसतं, आणि एका शेतकऱ्याच्या बोअरवर छापील ठपका बसला असता.

शेवटी मुखपृष्ठावर दोघींची नावं आली, आधी त्यांचं. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद घातला: "पाणीपातळीची मोजणी, नोंदवह्या व पहिला खर्डा यांचा. तक्त्यांची फेरमांडणी, नकाशे व निष्कर्ष यांचे. अंतिम मजकूर दोघींनी वाचून मान्य केला आहे." 'यांचा' आणि 'यांचे'च्या आधी आमची नावं होती.

सांगाती:
ताई, पण कायद्याने बघितलं तर नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो. म्हणजे संस्थेने ठरवलं तर कुणाचंही नाव घालता येतं. आमच्या कंपनीत अहवालावर फक्त विभागाचं नाव असतं आणि कधी वाद होत नाही.

कातळ:
पहिलं वाक्य बरोबर, दुसरं त्यातून निघत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 मालकी मालकाकडे देतं, म्हणजे छापणं, विकणं, वापरू देणं. पण आपण लेखक आहोत हे सांगायचा हक्क कलम 57मध्ये वेगळा दिलाय, आणि मालकी दुसऱ्याकडे गेली तरी तो लेखकाकडे राहतो. तो करारात सोडून देता येतो का, यावर वकिलांमध्ये मतभेद ऐकलेत, त्यात मी पडत नाही. कुणाचंच नाव न घालता विभागाचं घालणं ही एक रीत झाली. एकाचं पुसून दुसऱ्याचं घालणं ही वेगळी गोष्ट.

मी एका संशोधन नियतकालिकाच्या संपादनात बरीच वर्षं मदत केली. लेख पाठवल्यानंतर "अमुक नाव काढा" अशी पत्रं येतात. आम्ही दरवेळी सगळ्या लेखकांची लेखी संमती मागायचो, ज्याचं नाव काढायचं त्याची तर नक्कीच. ती येईपर्यंत लेख थांबायचा. वाद असेल तर निवाडा संपादक करत नाही, तो त्यांच्या संस्थेकडे जातो. वैद्यकीय नियतकालिकांत लेखक म्हणवून घ्यायला चार अटी आहेत: कल्पनेत किंवा माहिती गोळा करण्यात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर तपासण्यात वाटा, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. पण पहिली पुरी करणाऱ्याला उरलेल्या पुऱ्या करायची संधी द्यावी, असंही तिथे म्हटलंय. तुमच्या काकांनी मजकूर पाठवायला लावला, ते तेच.

मधली_सुट्टी:
माझाही असाच प्रश्न आहे. जुन्या कंपनीत मी केलेला अहवाल बायोडेटात लिहू का? त्यावर माझं नाव नाही.

रानवाट:
तुमचा प्रश्न थोडा निराळा आहे, पण लिहा. "अहवाल माझा" असं न लिहिता त्यातलं तुम्ही काय केलं ते लिहा, आणि अहवाल गोपनीय असेल तर आतला मजकूर दाखवू नका.

दीपमाळ:
सॉफ्टवेअरमधला अनुभव. आमच्या टीमचा तांत्रिक अहवाल गिटमध्ये, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. एका मित्राने लिहिलेला भाग मी दुरुस्त केला आणि नकळत ही आज्ञा दिली:

```
git commit --amend --reset-author
```

यामुळे लेखकाच्या जागी माझं नाव आलं. तपासणाऱ्या सिनिअर मुलीने ते विलीन करायला नकार दिला. `git log` बघ म्हणाली, तिथे `Author:`समोर मी एकटाच. गिट लेखक आणि कमिट करणारा वेगवेगळे ठेवतं, त्यामुळे त्याचं काम मी पुढे नेलं तरी लेखक तोच राहू शकतो. दोघांचं असेल तर संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून हे:

```
Co-authored-by: Name <name@example.com>
```

ईमेल त्याच्या खात्यातलाच हवा, नाहीतर गिटहब ते नाव त्याच्या खात्याशी जोडत नाही. माझ्याकडून पहिल्यांदा जुना ईमेल पडला होता.

सांगाती:
कातळ, कलम 57चं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग उलटं काय करायचं? आमच्याकडे पूर्वी वरिष्ठांचं नाव सवयीने पहिलं यायचं. त्यांनी अहवाल उघडलेलाही नसायचा. तेव्हा बोलायची माझी हिंमत झाली नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

कातळ:
यावर मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही. एकदा फरक पडला तो कुणी काय केलं ते प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचं ठरलं तेव्हा. एका सरांनी स्वतःच्या नावापुढे "निधी मिळवला" एवढंच लिहिलं आणि मग आपणहून ऋणनिर्देशात गेले. दुसऱ्या एकांनी "मार्गदर्शन" लिहून पहिला क्रमांक कायम ठेवला. नावांचा क्रम काम सुरू करतानाच बोलून घ्यावा आणि काम बदललं की पुन्हा बोलावं. शेवटच्या आठवड्यात तो विषय काढला की भांडणच होतं.

ओढाकाठ:
रानवाट, 64 विहिरींवर टेप धरणारी गावातली पोरं कुठे गेली तुमच्या अहवालात? मी तसं काम केलंय. मे महिन्यात कठड्यावर वाकून टेप सोडायचा, ओला झालेला भाग बघून आकडा ओरडून सांगायचा. आमच्या वेळी "स्थानिक युवकांचे सहकार्य लाभले" एवढंच छापलं.

रानवाट:
आमच्याकडेही तेवढंच होतं, नावं नव्हती. तुमचं वाचून ताईंना फोन केला. कठडे वाढवलेत हे त्यांना सांगणारा त्या मुलांपैकीच एक होता. वहीत समासात त्याचं नाव आहे म्हणाल्या. तो लेखक म्हणायचा की ऋणनिर्देशात नावानिशी घ्यायचा, यावर आमच्या दोघींचं अजून एकमत नाही. सुधारित प्रत निघणार आहे. वही त्यांच्या गावी आहे, दिवाळीत आणतील.