मदत हवी आहे: पंखा लावूनही कपाटातला रॅक तापतोय

वहीवाला: अप्पा बळवंत चौकात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माळ्याखालच्या लाकडी कपाटात राउटर, पीओई स्विच, आठ कॅमेऱ्यांचा एनव्हीआर आणि यूपीएस. दुपारी दुकानात ३४ अंश असताना आत ५१. एनव्हीआर आठवड्यात दोनदा बंद पडला. दाराच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा १२० मिमीचा पंखा बसवला, खोक्यावर ८० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ८० घनफूट हवा, लिहिलंय. फरक जेमतेम दोन अंश. काय चुकतंय?

पेठकर: गरम हवा वर जाते, म्हणजे जागा बरोबर आहे. पंखा कमी पडतोय, शेजारी अजून एक लावा.

निशाचर: माझा नॅस बेडरूममध्ये आहे, आवाजाने घरचे वैतागलेत. शांत पंखा कोणता घ्यावा?

तारवाला: निशाचर, वेगळा धागा काढा राव. वहीवाला, प्लगला वॉटमीटर लावून आकडा सांगा. आणि कपाटात खालून हवा शिरायला वाट आहे का?

वहीवाला: १३० वॉट. खाली फट नाही, सुताराने चोख काम केलंय!

तारवाला: तिथेच घोळ आहे. कॅमेरे प्रत्येकी ५ वॉट धरले तर ४० वॉट पीओईच्या तारेतून बाहेर कॅमेऱ्यांकडे जातात, आत तापवायला उरतात ९०. वॉटला १.७६ ने गुणायचं आणि आतबाहेरच्या फरकाने, म्हणजे पंखा लावल्यावरच्या १५ ने भागायचं. उत्तर साधारण साडेदहा सीएफएम. तुमचा ८० चा पंखा बाहेरची हवा एवढीच आणतोय. दुसरा लावलात तरी हवा येणार कुठून?

उदबत्ती पेटवून दाराच्या कडेने वरून खाली फिरवा.

वहीवाला: फिरवली. खाली धूर सरळ उभा. पंख्याजवळच्या बिजागरीपाशी मात्र सुळकन आत!

तारवाला: म्हणजे पंखा शेजारच्या फटीतून हवा ओढून लगेच बाहेर टाकतोय, यंत्रांपर्यंत ती पोचतच नाही. वरच्या फटी फोमपट्टीने बुजवा. दाराच्या तळाशी १० बाय २० सेमीची खिडकी कापून जाळी लावा. भोक पंख्याएवढंच ठेवलं तर जाळी निम्मी हवा अडवते. यूपीएसही कपाटाबाहेर काढा, उष्णतेने बॅटरी लवकर जाते.

पेठकर: बाहेर उंदीर वायर कुरतडतील.

वहीवाला: यूपीएस आतच ठेवलाय, उंदरांचं खरं आहे. बाकी सगळं केलं. आता बाहेर ३४, आत ४१. एनव्हीआर आठ दिवस बंद पडलेला नाही. पण दुपारी एक ते चार शटर खाली असतं (हसू नका), तेव्हा दुकानच ३९ वर जातं आणि आत ४६.

तारवाला: पंखा दुकानापेक्षा थंड हवा आणणार कुठून? शटरवर झरोका आहे का?

वहीवाला: आहे, पण रस्त्याची धूळ येते म्हणून वडिलांनी पुठ्ठा ठोकलाय. त्यांच्याशी बोलावं लागेल.